खरीप व रब्बी : पीकविम्याच्या अधिसूचनेतील अर्थ

खरीप व रब्बी ही भारतातील कृषिवर्षाच्या दोन प्रमुख हंगामांची नावे होत. सामान्य व्यवहारात खरीप म्हणजे पावसाळी पीक व रब्बी म्हणजे हिवाळी पीक असा अर्थ घेतला जातो आणि नित्याच्या बोलण्यास तो पुरतो. पीकविम्याच्या अधिसूचनेत मात्र हे शब्द अधिक काटेकोर व काहीसे वेगळे काम करतात. कोणत्या पिकाचा विमा उतरता येईल, अर्ज कोणत्या तारखेपर्यंत करावयाचा, शेतकऱ्याने किती टक्के हप्ता भरावयाचा आणि नुकसान ठरविताना कोणत्या वर्षांचे उत्पन्न विचारात घ्यावयाचे, हे सर्व ‘हंगाम’ या एका रकान्यावर अवलंबून असते. हे शब्द मूळच्या अर्थापासून कसे सरकत आले हे लक्षात घेतल्यास अधिसूचनेतील अनेक विसंगत वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

व्युत्पत्ती : दोन्ही शब्द मूळचे अरबी असून ते फार्सीमार्गे भारतीय भाषांत आले. अरबीत ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू. या शब्दाच्या धातूत फळे खुडण्याचा, तोडणीचा अर्थ आहे. ‘रबी’ म्हणजे वसंत ऋतू. पावसानंतर उगवणाऱ्या हिरव्या चाऱ्याचा काळ, असाही त्याचा जुना अर्थ आहे. हिजरी कालगणनेतील रबीउलावल व रबीउलाखर या महिन्यांच्या नावांत हाच शब्द आहे. हिजरी वर्ष केवळ चांद्र असल्याने हे महिने सर्व ऋतूंतून फिरतात व त्यांचा आता वसंताशी संबंध उरलेला नाही. मराठीत ‘फ’ चा ‘प’ होऊन खरीप आणि ‘ब’ चे द्वित्व होऊन रब्बी अशी रूपे रूढ झाली. ‘रबी’ असेही लिहिले जाते.

अरबीत ही ऋतूंची नावे आहेत, पिकांची नव्हेत. शरदात पेरलेले ते खरीप व वसंतात पेरलेले ते रब्बी असे कोणी अनुमान केल्यास ते नेमके उलटे ठरेल. भारतात ही नावे पिकाला मिळाली ती कापणीच्या ऋतूवरून. पावसाच्या आरंभी पेरलेले पीक शरदात कापणीस येते म्हणून ते खरीप. पावसाळा संपताना पेरलेले पीक वसंताच्या सुमारास हाती येते म्हणून ते रब्बी. म्हणूनच सोलापूरकडील शेतकरी शाळू पेरतो तो ऐन शरदात, म्हणजे अरबी अर्थाने खरीफ ऋतूत. तरीही त्याचे पीक रब्बीच असते.

पिकाला ऋतूचे नाव देण्याचे हे दोन मार्ग भारतीय परंपरेलाही अपरिचित नव्हते. पाणिनीने त्या त्या काळी पिकणाऱ्या व त्या त्या काळी पेरलेल्या वस्तूंसाठी कालवाचक शब्दांपासून विशेषणे कशी साधावीत हे दोन स्वतंत्र सूत्रांत सांगितले आहे. त्यांवरील काशिकावृत्तीच्या उदाहरणांत जव हे पिकण्याच्या काळावरून ग्रैष्म आणि पेरणीच्या काळावरून हैमंत ठरतात. म्हणजे एकाच धान्याला दोन ऋतूंची नावे. शरदात पिकणाऱ्या साळींना तेथे शारद म्हटले आहे. गोव्यात पावसाळी भाताला ‘सरद’ म्हणतात, ते याच पद्धतीचे नाव असून अर्थाने ते ‘खरीफ’ शी तंतोतंत जुळते. कोकणात व गोव्यात पावसाळी भातानंतर ओलिताच्या पाण्यावर घेतल्या जाणाऱ्या भाताला मात्र ‘वायंगण’ हे स्वतंत्र नाव आहे. त्यात ऋतूचा उल्लेख नाही.

महसुली शब्द म्हणून प्रसार : कापणीवरून नाव पडण्याचे कारण महसूल हे होय. सारा द्यावयाचा तो पिकातून. त्यामुळे पीक केव्हा पेरले यापेक्षा ते केव्हा घरात येते याच्याशी सरकारचा संबंध अधिक. मोगल महसूलव्यवस्थेत वर्षाच्या दोन ‘फसली’ धरल्या जात. ‘फस्ल’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ विभाग असा असून त्यावरून ऋतू व पुढे पीक असे अर्थ निघाले. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत अनेक सुभ्यांतील पिकांचे साऱ्याचे दर वसंतातील व शरदातील फसलींसाठी वेगवेगळे दिले आहेत.

या दोन फसलींना हिजरी वर्षाचा मेळ बसत नव्हता. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ३२ सौरवर्षांत ३३ चांद्रवर्षे होतात. हिजरी वर्षाप्रमाणे सारा घेतल्यास रयतेला ३२ वर्षांच्या पिकातून ३३ वर्षांचा सारा द्यावा लागला असता. ही अडचण दूर करण्यासाठी अकबराच्या काळात पिकांच्या चक्राशी बांधलेला फसली सन सुरू झाला. दक्षिणेत तो शाहजहानच्या काळी, १६३६ च्या सुमारास, लागू झाला. दक्षिणी फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन येतो. महाराष्ट्रात त्याआधीपासून प्रचारात असलेला सुहूर सनही शेतीशीच जोडलेला होता. सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशाबरोबर तो बदलत असल्याने त्यास मृगसाल असे नाव पडले. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा सन सर्वत्र आढळतो. म्हणजे वर्षाचा आरंभ पेरणीपासून, पण पिकाचे नाव कापणीवरून, अशी स्थिती महाराष्ट्रात फार पूर्वीपासून आहे.

महसूल खात्यात या शब्दांचा आणखी एक वापर टिकून आहे. पैसेवारी (पूर्वीची आणेवारी) काढण्यासाठी गावांची खरीप गावे व रब्बी गावे अशी वर्गवारी केलेली असते. ज्या गावात ज्या हंगामाखालील क्षेत्र प्रामुख्याने असते त्यावरून ते गाव त्या वर्गात पडते व त्याची अंतिम पैसेवारी त्यानुसार डिसेंबरअखेर किंवा मार्चच्या मध्यास जाहीर होते. येथे हंगाम हा गावाचा गुण आहे. पीकविम्यात तो पिकाचा गुण असतो. रब्बी गावातील शेतकऱ्याने जूनमध्ये बाजरी पेरल्यास ती बाजरी विम्याच्या दृष्टीने खरिपाचीच. आणि गावाची पैसेवारी पन्नास पैशांपेक्षा कमी आली म्हणून विम्याची भरपाई आपोआप देय होत नाही, कारण दोन्हींचे मोजमाप निराळे आहे. ही गल्लत दर दुष्काळात होते.

पीककर्जापासून पीकविम्यापर्यंत : भारतात पीकविम्याचे प्रयोग १९७२-७३ मध्ये गुजरातेत कापसावर सुरू झाले. वि. म. दांडेकर यांनी व्यक्तिगत शेताऐवजी संपूर्ण क्षेत्राचे सरासरी उत्पन्न हा आधार मानण्याची पद्धत मांडली व तीवर आधारलेली प्रायोगिक योजना १९७९ मध्ये सुरू झाली. १९८५ च्या खरिपापासून सर्वंकष पीकविमा योजना आणि १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना अमलात आली. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री फसल बीमा योजना लागू झाली. तिच्या नावातील ‘फसल’ हा मोगल दफ्तरातलाच शब्द होय.

या इतिहासातील हंगामाच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट म्हणजे विम्याची पीककर्जाशी घातलेली सांगड. कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याचा विमा बँकेमार्फत उतरविला जात असल्याने बँकेचे कर्जवाटपाचे वेळापत्रक हेच विम्याचे वेळापत्रक झाले. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील पीककर्ज खरिपाचे व ऑक्टोबर ते मार्च या काळातील रब्बीचे असे वर्षाचे दोन भाग पाडण्यात आले. कर्ज घेतले जाते ते पेरणीसाठी. साहजिकच हंगामाची खूण कापणीकडून पेरणीकडे सरकली. सारा घेणाऱ्याचे लक्ष पीक खळ्यात येण्याकडे असते, तर कर्ज देणाऱ्याचे व विमा उतरविणाऱ्याचे लक्ष बी जमिनीत पडण्याकडे, कारण त्यांची जोखीम तेथून सुरू होते. शब्द तेच राहिले, पण त्यांचा आधार बदलला.

या बदलाची साक्ष तुरीत मिळते. तूर पावसाच्या आरंभी पेरली जाते व मध्यम आणि उशिरा येणाऱ्या वाणांची कापणी डिसेंबर-जानेवारीत किंवा त्यानंतर होते. कापणीवरून नाव द्यावयाचे तर ती शरदातील खरिपात बसत नाही. अधिसूचनेत ती खरिपात असते. कापसाची वेचणीही थंडीभर चालते व तोही खरिपातच गणला जातो. अशा पिकांचे डिसेंबरात नुकसान झाल्यास ते रब्बीच्या मुदतीत घडले तरी खरिपाच्या विम्याचे नुकसान होय. त्यासाठी रब्बीत वेगळा अर्ज करावा लागत नाही व करताही येत नाही. याउलट, सोयाबीन काढून त्याच शेतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हरभरा पेरला तर जमीन तीच असूनही खरिपाचा विमा हरभऱ्याला लागू पडत नाही. तो सोयाबीनपुरता होता व सोयाबीनबरोबर संपला. हरभऱ्यासाठी रब्बीच्या अधिसूचनेखाली नवा अर्ज व नवा हप्ता लागतो.

दोन हंगामांत बसविलेला तिसरा हंगाम : महाराष्ट्रातील शेतकरी तीन हंगाम मानतो, तिसरा उन्हाळी. उत्तर भारतात त्यास ‘जायद’ म्हणतात. अरबी ‘जाइद’ म्हणजे अधिकचा, वरचा. मोगल हिशेबातील दोन फसलींना पडलेली ती पुरवणी होती, हे त्या नावातच आहे. अधिसूचनेत हा तिसरा हंगाम स्वतंत्रपणे येत नाही. वर्षाचे दोनच भाग केल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेल्या भुईमुगाला व उन्हाळी भाताला रब्बीतच जागा मिळते. त्यामुळे ‘रब्बी हंगाम’ असे शीर्षक असलेल्या महाराष्ट्राच्या अधिसूचनेत ज्वारी, गहू, हरभरा व रब्बी कांदा यांच्याबरोबर उन्हाळी भात व उन्हाळी भुईमूग ही पिके येतात. त्यांच्या अर्जाच्या अंतिम तारखा मात्र एक नसतात. अलीकडील वर्षांत रब्बी ज्वारीसाठी ३० नोव्हेंबर, गहू, हरभरा व रब्बी कांदा यांसाठी १५ डिसेंबर आणि दोन्ही उन्हाळी पिकांसाठी ३१ मार्च अशा तारखा ठेवण्यात आल्या आहेत. खरिपाच्या पिकांसाठी ३१ जुलै ही सर्वसाधारण तारीख असते. तीस काही वर्षी मुदतवाढ मिळाली आहे.

हंगामाच्या नावामुळे खरे नुकसान होण्याची शक्यता कांद्याच्या बाबतीत अधिक. नासिककडे डिसेंबर-जानेवारीत लागवड करून एप्रिल-मेमध्ये काढल्या जाणाऱ्या टिकाऊ कांद्याला ‘उन्हाळ कांदा’ म्हणतात. हे नाव काढणीवरून पडलेले आहे. अधिसूचनेतील ‘उन्हाळी’ हे विशेषण मात्र भुईमूग व भात यांच्यामागे लागलेले असून ते पीक शेतात उभे असण्याच्या काळावरून आले आहे. बोलीतील उन्हाळ कांदा म्हणजे अधिसूचनेतील रब्बी कांदा. ‘उन्हाळी’ या शब्दासमोरील ३१ मार्च ही तारीख वाचून कोणी स्वस्थ बसल्यास त्याची १५ डिसेंबरची मुदत निघून गेलेली असते, आणि ती लागवड चालू असतानाच, कित्येकदा त्याआधीच, येते. पावसाळ्याच्या शेवटी रोप टाकून जानेवारी ते मार्चमध्ये निघणारा ‘रांगडा’ कांदा तर दोन्ही हंगामांच्या सीमेवरचा. अशा पिकाच्या बाबतीत बोलीतील नावावर विसंबता येत नाही. त्या वर्षीच्या अधिसूचनेत आपल्या तालुक्यापुढे व मंडळापुढे कोणता कांदा नमूद आहे हे पाहणे एवढाच उपाय असतो.

पीकपाहणीच्या नोंदीने यात आणखी भर पडते. गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या खालच्या भागात, पीक व त्याचा हंगाम नोंदविला जातो. २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करावयाची ई-पीक पाहणीची पद्धत राज्यात आली. तिच्यात उन्हाळी हंगाम रब्बीहून वेगळा धरला जातो. त्यामुळे एकच भुईमूग विम्याच्या अर्जात रब्बी व पीकपाहणीत उन्हाळी अशा दोन नावांनी नोंदलेला दिसू शकतो. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर असतात. तपासणीत महत्त्वाचे ठरते ते पीक, गट क्रमांक व क्षेत्र यांचा मेळ. शेतात नसलेल्या पिकाचा विमा उतरविल्याचे पीकपाहणीवरून दिसून आल्यास विमा रद्द होतो.

एक उदाहरण : हंगामाचा शब्द हिशेबात कसा उतरतो हे ज्वारीवरून चांगले दिसते, कारण ज्वारी दोन्ही अधिसूचनांत असते. खरीप ज्वारी जून-जुलैत पेरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापतात. रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसावर पेरली जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनी पावसाळाभर पेरणीविना ठेवून त्यांत मुरलेल्या ओलीवर ही ज्वारी घेतात. तेथील मालदांडी ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

अशा शेतकऱ्याने जुलैमध्ये अर्ज भरताना ‘ज्वारी’ हे नाव पाहून ते निवडल्यास विमा उतरतो तो खरीप ज्वारीचा. त्या वेळी त्याचे शेत मोकळे असते. पीकपाहणीत खरिपाच्या रकान्यात ज्वारी दिसत नाही व विमा निरर्थक ठरतो. पुढे हस्ताच्या पावसावर पेरलेल्या शाळूला त्याचा काहीही उपयोग नसतो. शाळूचा अर्ज रब्बीच्या अधिसूचनेखाली, पेरणीनंतर व ३० नोव्हेंबरपूर्वी करावयाचा असतो. त्यातही जिरायत व बागायत असे दोन प्रकार असून त्यांची विमा संरक्षित रक्कम वेगळी असते; ओलीवरच्या ज्वारीसाठी बागायत निवडणे ही दुसरी नेहमीची चूक होय.

हप्त्याचा दरही हंगामाने ठरतो. केंद्राच्या योजनेत अन्नधान्ये व गळिताची पिके यांसाठी शेतकऱ्याचा वाटा खरिपात विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीत १·५ टक्के आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. उरलेला हप्ता केंद्र व राज्य शासने भरतात. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून २०२४-२५ च्या रब्बीपर्यंत शेतकऱ्याकडून केवळ एक रुपया घेतला जात होता. २०२५ च्या खरिपापासून वरील दर पुन्हा लागू झाले. कापूस व कांदा नगदी पिकांत मोडत असल्याने अधिसूचनेत ती खरिपाखाली किंवा रब्बीखाली असली तरी त्यांचा दर ५ टक्के असतो. तेथे हंगामाचे नाव मुदतीपुरतेच उरते.

नुकसान ठरते ते महसूल मंडळासारख्या अधिसूचित क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून. त्या क्षेत्रात त्या पिकाच्या गेल्या सात वर्षांतील सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणतात. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के आहे. येणाऱ्या आकड्यास उंबरठा उत्पन्न म्हणतात. चालू हंगामातील पीककापणी प्रयोगांचे सरासरी उत्पन्न त्याहून कमी आल्यास, जेवढी तूट त्या प्रमाणात भरपाई मिळते. केवळ हिशेब समजावा म्हणून एका मंडळातील रब्बी ज्वारीचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न ९००, ७५०, ४००, ८२०, १,०००, ६८० व ३५० किग्रॅ. असल्याचे धरू. ४०० व ३५० ही दोन वाईट वर्षे गळतात. उरलेल्या पाचांची बेरीज ४,१५० व सरासरी ८३० किग्रॅ. येते; तिचे ७० टक्के म्हणजे ५८१ किग्रॅ. हे उंबरठा उत्पन्न होय. यंदाचे प्रयोग सरासरी ४१५ किग्रॅ. दाखवीत असतील तर तूट १६६ किग्रॅ., म्हणजे उंबरठ्याच्या दोन-सप्तमांश. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ३०,००० रु. धरल्यास भरपाई सुमारे ८,५७१ रु. होईल, आणि शेतकऱ्याचा हप्ता १·५ टक्क्यांनी ४५० रु. झाला असेल. प्रयोगांची सरासरी ५८१ किग्रॅ. किंवा त्याहून अधिक आल्यास, एखाद्याच्या शेतात कणीसही भरले नसले तरी या पद्धतीत त्यास काही मिळत नाही.

या हिशेबात सात वर्षांचे आकडे केवळ रब्बी ज्वारीचे आहेत. खरीप ज्वारीची मालिका स्वतंत्र असते, तिचे उंबरठा उत्पन्न वेगळे येते आणि तिचे कापणी प्रयोग वेगळ्या महिन्यांत होतात. म्हणून हंगाम चुकणे ही नोंदणीतील किरकोळ चूक ठरत नाही. त्यायोगे शेतकरी निराळ्याच पिकाच्या निराळ्या इतिहासाशी जोडला जातो. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसान यांसाठीचे वेगळे संरक्षण वगळून भरपाई केवळ कापणी प्रयोगांवर आधारण्यात आली. त्यामुळे हंगामाच्या रकान्याचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आहे.

वर्षाचे लेखन : कृषिवर्ष जुलै ते जून असे धरले जाते. खरीप एकाच इसवी सनात पेरला जातो व बहुतांशी त्यातच संपतो म्हणून ‘खरीप २०२४’ असे एकेरी लिहितात. रब्बी दोन सनांत विभागला जातो म्हणून ‘रब्बी २०२४-२५’ असे लिहितात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पेरलेला उन्हाळी भुईमूग ‘रब्बी २०२४-२५’ चा असतो, ‘२०२५’ चा किंवा ‘२०२५-२६’ चा नव्हे. भरपाईच्या यादीत आपले नाव शोधताना वर्ष चुकण्याचे हे एक सामान्य कारण आहे.

शब्दांच्या मर्यादा : दोन फसलींचा हा साचा गंगा-यमुनेच्या प्रदेशातील महसुलासाठी घडला. जेथे पाऊस व पीकचक्र वेगळे तेथे तो ताणून बसवावा लागतो. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पावसावरील सांबा हे भाताचे मुख्य पीक विम्याच्या व्यवहारात रब्बीत घेतले जाते, तर त्याआधीचे कुरुवै खरिपात. बंगालमध्ये अमन भात खरिपात व बोरो रब्बीत पडतो. या सर्व ठिकाणी स्थानिक नाव हेच पिकाची खरी ओळख देते. खरीप व रब्बी हे केवळ रकान्याचे मथळे ठरतात.

महाराष्ट्रातील फळपिकांसाठी हा साचा टाकूनच देण्यात आला आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात मृग बहार व आंबिया बहार असे विभाग असतात. डाळिंब किंवा मोसंबी यांचे झाड वर्षानुवर्षे उभे असल्याने तेथे पेरणीला अर्थ नाही. झाडाला फुले केव्हा आणली हे विचारात घ्यावे लागते. मृग बहाराचे फळ हिवाळ्यात वा त्यानंतर निघते, तरी नाव राहते ते मृग नक्षत्राचेच. येथे नाव फुलोऱ्याने दिले आहे, कापणीने नाही व पेरणीनेही नाही. पाणिनीच्या सूत्रात पिकणाऱ्या वस्तूंबरोबर फुलणाऱ्या वस्तूंचाही उल्लेख आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. [→ आणेवारी, फसली सन, बहार धरणे].